ताणाचं एक वाक्य, बाकी सगळं कामाचं

प्रश्न: मी एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहे. तीन महिन्यांपूर्वी आमचा एक सहकारी नोकरी सोडून गेला आणि त्याच्याकडची दोन कामं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या खर्चाची बिलं आणि ग्राहकांच्या येणेबाकीचा पाठपुरावा, 'थोडे दिवस' म्हणून माझ्याकडे आली. ती अजून माझ्याकडेच आहेत. माझी झोप उडाली आहे, घरी सगळ्यांवर ओरडते, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. सरांना पत्र लिहायला घेतलं की एक तर दोन पानं होतात आणि त्यात गोळ्यांपासून सासूबाईंच्या आजारपणापर्यंत सगळं येतं. नाहीतर 'काम जास्त होतंय, कृपया लक्ष द्यावे' एवढंच उरतं. सर माणूस म्हणून चांगले आहेत, पण मला सगळं सांगायचं नाहीये. किती लिहू आणि कसं?

उत्तर: तुमचे दोन्ही मसुदे एकाच जागी अडकतात. वाचून झाल्यावर सरांनी नेमकं काय करायचं, हे दोन्हींत नाही. दोन पानं वाचून त्यांना वाईट वाटेल, एक ओळ वाचून ते 'बघू' म्हणतील, आणि दोन्ही वेळा खर्चाची बिलं तुमच्याच टेबलावर राहतील. सरांच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे काम हलवणं. म्हणून पत्रातला मोठा भाग कामाचा हवा. ताणाबद्दल एक वाक्य पुरतं, पण ते वाक्य हवंच.

हे पत्र सरांजवळ थांबणार नाही, हे आधी लक्षात घ्या. कामाचं वाटप बदलायचं तर त्यांना त्यांच्या वरिष्ठांना विचारावं लागेल, कदाचित एचआरला कळवावं लागेल. बहुतेक मॅनेजर अशा वेळी वेगळा ईमेल लिहीत बसत नाहीत, तुमचाच पुढे पाठवतात. सर कितीही चांगले असले तरी पत्र तिघा-चौघांच्या नजरेखालून जाणार आणि वर्षानुवर्षं मेलबॉक्समध्ये राहणार. म्हणून प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावा. तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाने हे वाचलं तर चालेल का? गोळ्या आणि सासूबाई इथेच गळतात. त्यांत लपवण्यासारखं काही आहे म्हणून नव्हे, तर त्यांच्या आधारे सरांना कुठलाही निर्णय घेता येत नाही म्हणून. उलट घरच्या अडचणी लिहिल्या की वाचणाऱ्याला वाटतं, मूळ कारण ऑफिसबाहेरचं आहे, कामाचं वाटप ठीकच आहे.

मग ताणाचा उल्लेखच टाळावा का? तसंही करू नका. फक्त 'काम जास्त आहे' लिहिलंत तर उत्तरादाखल वेळेच्या नियोजनाचा सल्ला मिळण्याची शक्यता मोठी. शिवाय पुढेमागे रजा घ्यावी लागली किंवा एखादं काम हातून राहून गेलं, तर तब्येतीवर परिणाम होत असल्याचं तुम्ही वेळेवर लेखी कळवलं होतं, ही नोंद तुमच्या उपयोगाची असते.

ते एक वाक्य कसं असावं, हे नीट पाहू. 'मला आता हे सहन होत नाही' असं लिहिलं तर ते खरं असलं तरी वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो की ही नोकरी सोडणार का. 'मला डिप्रेशन आहे, उपचार चालू आहेत' यात निदान आलं, आणि एकदा लिहिलेलं निदान मागे घेता येत नाही. 'मला बर्नआउट झालाय' हे आजाराच्या नावासारखं वाचलं जातं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउट आजार म्हणून नोंदलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था, अशी त्याची नोंद आहे. तो शब्द वापरला की चर्चा कामावरून तुमच्यावर सरकते: खरंच झालाय का, कोणी सांगितलं, सर्टिफिकेट आहे का. त्याऐवजी असं लिहा:

'या वाढीव कामाच्या ताणाचा गेल्या काही आठवड्यांपासून माझ्या तब्येतीवर परिणाम होऊ लागला आहे. त्यासाठी आवश्यक ती काळजी मी घेत आहे.'

पहिल्या अर्ध्यात कारण कामाशी बांधलेलं आहे, कालावधी आहे, आणि 'तब्येत' या शब्दात झोप, चिडचिड, गोळ्या सगळं मावतं, तपशील न देता. दुसऱ्या अर्ध्याचं काम वेगळं आहे. 'डॉक्टरांना दाखवलं का?' हा पुढचा प्रश्न त्याने आधीच मिटतो, आणि तब्येत ही तुमची जबाबदारी व कामाचं वाटप ही सरांची, अशी विभागणी न बोलता होते.

आता पत्राचा खरा कणा, म्हणजे तास. पत्र लिहिण्याआधी दोन आठवडे कामाची नोंद ठेवा, एक साधा आठवडा आणि एक महिनाअखेरीचा. अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद पुरे. वही चालेल, एक्सेल चालेल, पण दर दोन-तीन तासांनी लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलं की सगळ्यात आधी 'मध्येच आलेल्या' गोष्टी विसरल्या जातात: कोणाचं बिल का अडलं, कोणाचे पैसे कधी जमा होणार. तुमचा दिवस नेमका तिथेच जात असणार. घरी रात्री केलेलं कामही मोजा, वेगळ्या रकान्यात.

सरासरी काढताना एक चूक फार सहज होते आणि अकाउंट्सच्या माणसासमोर ती टिकणार नाही. समजा, साध्या आठवड्यात ४९ तास झाले आणि महिनाअखेरीच्या आठवड्यात ६१. दोन्हींची सरळ सरासरी ५५ येते, पण ती फुगलेली आहे, कारण महिन्यात साधारण तीन आठवडे साधे असतात आणि एकच क्लोजिंगचा. योग्य हिशोब असा: ४९ गुणिले ३, अधिक ६१, भागिले ४, म्हणजे ५२. ठरलेले तास आठवड्याला ४० असतील तर १२ तास जास्तीचे. हा आकडा ५५ पेक्षा लहान असला तरी कोणी खोडू शकणार नाही.

मग हे ५२ तास कामांवर वाटून दाखवा. तुम्ही सांगितलेल्या कामांवरून मी नमुन्यादाखल आकडे धरते, तुमचे खरे आकडे नोंदीतून येतील. पुरवठादारांची बिलं आणि पेमेंट १४, बँक रिकन्सिलिएशन ६, क्लोजिंग ७, मासिक रिपोर्ट ५, ईमेल, मीटिंग आणि चौकश्या ७. ही तुमची मूळ कामं, एकूण ३९ तास. त्यावर खर्चाची बिलं ७ आणि येणेबाकीचा पाठपुरावा ६, असे १३. वाचणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही. मूळ काम ठरलेल्या वेळेत बसतं आणि वर आलेलं काम बसत नाही, हे आकडेच सांगतात. 'मी कमी पडते आहे का' या शंकेला पत्रात जागाच उरत नाही.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात. 'काम कमी करावे' एवढंच मागितलं तर काय कमी करायचं हे सरांना ठरवावं लागतं, आणि तुमच्या टेबलावरचं कुठलं काम किती वेळ खातं हे त्यांना माहीत नसतं. म्हणून पर्याय तुम्ही द्या, पण दोनच. एकच दिला तर तो मंजूर किंवा नामंजूर एवढंच होतं. चार-पाच दिले तर वाचणारा त्यातला सर्वांत छोटा उचलतो.

हे दोन पर्याय वेगळ्या जातीचे हवेत: एकाला माणूस लागेल, दुसऱ्याला नुसती परवानगी. नकाराचं सर्वांत नेहमीचं कारण 'माणूसच नाही' हे असतं, आणि दुसरा पर्याय त्यालाच उत्तर आहे. तुमच्या बाबतीत पहिला पर्याय असा: खर्चाची बिलं पूर्ण दुसऱ्याकडे, म्हणजे ७ तास कमी. येणेबाकीत सगळ्या ग्राहकांना दर आठवड्याला फोन न करता फक्त ६० दिवसांवरची थकबाकी, तीही पंधरवड्यातून एकदा. ६ तासांचं काम २ तासांवर येतं, ४ वाचतात. एकूण ११ वाचले, आठवडा ४१ वर आला. दुसरा पर्याय: काहीच हलवायचं नाही. खर्चाची बिलं दर आठवड्याऐवजी महिन्यातून दोनदा निकाली काढायची, ३ तास वाचतात. मासिक रिपोर्टचा फक्त सारांश द्यायचा, तपशीलवार जोडपत्रं तात्पुरती थांबवायची, आणखी ३. येणेबाकीचे ४ वरच्याप्रमाणेच. एकूण १०, आठवडा ४२ वर.

पहिल्या पर्यायात काम कोणाकडे द्यावं त्याचं नाव लिहू नका. ज्याचं नाव लिहाल त्याला पत्राचा सुगावा लागतोच आणि तुमच्यामुळे काम आलं ही सल राहते. वाटप करणं हा सरांचा अधिकार आहे, तो त्यांच्याकडेच ठेवा. तुम्ही हस्तांतराची तयारी दाखवा: टप्प्यांची लेखी यादी आणि तासाभराची दोन सत्रं. ज्याला काम मिळेल त्याच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे.

मुदतही लिहा. बेमुदत सवलत मागितली की ती पदाच्या स्वरूपातला बदल वाटते आणि निर्णय वर सरकतो. ठरावीक आठवड्यांची व्यवस्था सर बहुधा स्वतःच्या पातळीवर करू शकतात. तुमच्यासाठी ८ आठवडे योग्य, कारण त्यात दोन क्लोजिंग येतात. चार आठवडे मागू नका. हस्तांतरातच सुरुवातीचे दहाएक दिवस जातात, त्या काळात काम उलट थोडं वाढतं, आणि फरक दिसायच्या आत मुदत संपते.

हे सगळं एकत्र केलं की पत्र असं होतं. ऑफिसात ज्या भाषेत ईमेल जातात त्या भाषेत लिहा, पण क्रम हाच ठेवा.

> विषय: कामाच्या वाटपाबाबत विनंती
>
> नमस्कार सर,
>
> गेल्या तीन महिन्यांपासून माझ्या नेहमीच्या कामाबरोबर कर्मचाऱ्यांच्या खर्चाची बिलं आणि येणेबाकीचा पाठपुरावा ही दोन कामं माझ्याकडे आहेत. ही व्यवस्था तात्पुरती होती. पुढील ८ आठवड्यांसाठी यात बदल व्हावा, अशी विनंती करण्यासाठी हे लिहीत आहे.
>
> मागच्या दोन आठवड्यांच्या नोंदीनुसार माझं काम आठवड्याला सरासरी ५२ तासांचं होतं. त्यात मूळ कामाचे ३९ तास आणि वाढीव दोन कामांचे १३ तास आहेत. क्लोजिंगच्या आठवड्यात हा आकडा ६१ पर्यंत जातो. मागच्या महिन्याचं क्लोजिंग दोन दिवस लांबलं, ते याच कारणाने.
>
> या वाढीव कामाच्या ताणाचा गेल्या काही आठवड्यांपासून माझ्या तब्येतीवर परिणाम होऊ लागला आहे. त्यासाठी आवश्यक ती काळजी मी घेत आहे.
>
> मला दोन मार्ग दिसतात. पहिला, खर्चाची बिलं दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावीत आणि येणेबाकीत मी फक्त ६० दिवसांवरच्या थकबाकीचा पंधरवड्यातून एकदा पाठपुरावा करावा. दुसरा, दोन्ही कामं माझ्याकडेच ठेवून खर्चाची बिलं महिन्यातून दोनदा निकाली काढावीत, मासिक रिपोर्टचा फक्त सारांश द्यावा आणि येणेबाकीचा पाठपुरावा वरीलप्रमाणेच मर्यादित ठेवावा. पहिल्या मार्गाने आठवड्याचे ११ तास वाचतात, दुसऱ्याने १०.
>
> पेमेंट, बँक रिकन्सिलिएशन आणि क्लोजिंग दोन्ही बाबतींत माझ्याकडेच राहील. काम सोपवायचं ठरल्यास टप्प्यांची लेखी यादी आणि तासाभराची दोन सत्रं मी देईन.
>
> याबाबत या आठवड्यात २० मिनिटं भेटता येईल का? तासांची तपशीलवार नोंद सोबत आणते.

यात काय नाही तेही पाहा. दिलगिरी नाही, 'कृपया समजून घ्यावे' नाही, इतर कोणाकडे काम कमी आहे हे नाही, आणि नोकरी सोडण्याची सूचनाही नाही. क्लोजिंग लांबल्याचा उल्लेख तुमच्या बाबतीत खरं असेल तरच ठेवा. सरांना आधीच माहीत असलेली एखादी गोष्ट घालायची, एवढाच त्यामागचा हेतू. स्वतःच्या बारीकसारीक चुकांची यादी मात्र देऊ नका. आज ती प्रामाणिकपणा म्हणून वाचली जाईल, पण वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी तीच यादी वेगळ्या डोळ्यांनी वाचली जाईल.

पत्र फक्त सरांना पाठवा. पहिल्याच पत्रात एचआरला सीसी केलं की ती तक्रार ठरते आणि सर बचावात जातात. सकाळी पाठवा, आठवड्याच्या सुरुवातीला आणि क्लोजिंगच्या दिवसांपासून लांब. रात्री साडेअकराला पाठवलेलं पत्र कितीही मोजकं असलं तरी वेळच सगळं बोलून जाते.

भेटीत सर माणुसकीने विचारतील, 'नक्की काय होतंय?' दोन पानं बाहेर पडण्याचा धोका इथे जास्त आहे, कारण विचारणारा आपुलकीने विचारतोय. उत्तर आधीच ठरवून ठेवा: 'तब्येतीचं डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे सर, त्याची काळजी नको. कामाचं एवढं जमलं तर मोठी मदत होईल.' आणि लगेच तासांचा कागद पुढे करा. बोलणं त्या कागदावर गेलं की भेट रुळावर राहते. 'ताण काय, सगळ्यांनाच आहे' असं म्हणाले तर वाद घालू नका. 'हो सर, म्हणूनच ज्याला माणूस लागत नाही तो दुसरा मार्गही दिलाय' एवढं म्हणा. 'बघू' म्हणाले तर विचारा, 'सोमवारी पुन्हा येऊ का?' तारीख ठरल्याशिवाय उठू नका.

जे ठरेल ते त्याच दिवशी तीन-चार ओळींत ईमेलने कळवा: कोणतं काम, कोणत्या तारखेपासून, कोणाकडे, आढावा कधी. तोंडी ठरलेली गोष्ट पुढच्या क्लोजिंगच्या धामधुमीत कोणाच्याच लक्षात राहत नाही.

यानंतर बिघडतं ते दोन ठिकाणी. गेलेलं काम मागच्या दाराने परत येतं. लोकांना तुमचं नाव तोंडपाठ झालेलं असतं, ते खर्चाची बिलं तुम्हालाच पाठवत राहतात आणि 'एवढं एक करून टाकते' म्हणत तुम्हीही करता. त्यासाठी सरांकडून सगळ्यांना एक ओळीचा ईमेल जाऊ द्या, आणि तुमच्याकडे आलेलं बिल न उघडता पुढे पाठवा. दुसरं म्हणजे मोकळे झालेले तास नवं काम गिळतं. तेव्हा नकार देण्याची गरज नाही. 'घेते सर, त्यासाठी यादीतलं कोणतं मागे ठेवू?' एवढंच विचारा. तासांची नोंद आठही आठवडे चालू ठेवा, आढाव्याच्या दिवशी तीच लागेल.

या पत्राला मर्यादा आहेत. डॉक्टरांनी विश्रांती किंवा कमी तास सांगितले तर ती विनंती नसते, रजेची किंवा वैद्यकीय सवलतीची बाब होते आणि ती एचआरकडे जाते. तिथे सर्टिफिकेट लागतं. त्यात शक्य असेल तर निदानाऐवजी 'इतके आठवडे रोज इतक्या तासांपेक्षा जास्त काम नको' अशी मर्यादा लिहायला डॉक्टरांना सांगा. एचआरला निदान लागतंच असेल तर ते त्यांच्यापुरतं ठेवण्याची लेखी विनंती करा. सरांना फक्त मर्यादा कळली तरी पुरते. आणि गोळ्या सुरू असूनही झोप येत नसेल, किंवा जगणंच नको वाटू लागलं, तर सरांच्या उत्तराची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि घरात कोणाला तरी सांगा.

पत्र पाठवून आठवडा झाला आणि उत्तर आलं नाही, तर नवं पत्र लिहू नका. त्याच ईमेलला उत्तर म्हणून दोन ओळी पाठवा: 'सर, कामाच्या वाटपाबाबत आपल्या सोयीची वेळ कळवाल का? पुढचं क्लोजिंग सुरू होण्याआधी ठरलं तर हस्तांतराला वेळ मिळेल.' त्यालाही आठवडाभर उत्तर आलं नाही तर तोच धागा, जसाच्या तसा, एचआरला पाठवा आणि सरांना सीसीमध्ये ठेवा. तब्येतीबद्दलचं वाक्य तेव्हाही वाढवू नका.